झोतात ताणलेली नायक्रोमची तार किती तापेल? पायरीपायरीने हिशेब

दोन खुंट्यांमध्ये नायक्रोमची बारीक तार ताणली, तिच्यातून करंट सोडला आणि तिच्यावर काटकोनात हवेचा झोत मारला, तर काही सेकंदांत तिचं तापमान एका आकड्यावर येऊन थांबतं. तो आकडा आधीच काढायचा कसा, ते या लेखात सांगतो. हिशेब बारावीच्या गणिताने होण्यासारखा आहे. पण प्रयोगशाळेत नव्याने आलेली मुलं जिथे तासन्‌तास घालवतात तिथे फारशी चूक होत नाही, आणि जिकडे बघतही नाहीत तिथे पन्नास अंशांची चूक होऊन बसते. म्हणून उदाहरण एकच घेऊ आणि ते शेवटापर्यंत नेऊ.

उदाहरणातली तार ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमच्या नायक्रोमची आहे. व्यास ०.५ मिमी, लांबी २० सेमी. हवा २५ अंश सेल्सिअसची, झोताचा वेग सेकंदाला १० मीटर, करंट ५ अँपिअर. डीसी पॉवर सप्लाय करंट स्थिर ठेवणाऱ्या मोडमध्ये लावलेला आहे.

आधी समतोल समजून घेऊ

तारेत दर सेकंदाला जितकी वीज उष्णतेत बदलते, तितकीच उष्णता दर सेकंदाला तिच्या पृष्ठभागावरून हवेत जाते. तापमान स्थिर होणं म्हणजे एवढंच. तार गार असताना बाहेर कमी जातं आणि आत जास्त साठतं, म्हणून ती तापत जाते. तापल्यावर हवेशी असलेला फरक वाढतो, बाहेर जाणंही वाढतं, आणि जमाखर्च जुळला की ती थांबते. कागदावर हे असं मांडतात:

```
I²·R' = h·(π·d)·(Ts − Ta)
```

डावीकडे `R'` म्हणजे एक मीटर तारेचा रेझिस्टन्स. उजवीकडे `π·d` म्हणजे एक मीटर तारेचा पृष्ठभाग, `Ts` तारेचं तापमान आणि `Ta` हवेचं. `h` हा अभिसरणाचा गुणांक. तारेच्या एक चौरस मीटर पृष्ठभागावरून, एका अंशाच्या फरकाला, हवा किती वॅट उचलते ते तो सांगतो. लांबी दोन्ही बाजूंना सारखीच येते, म्हणून ती गळून पडते. तार २० सेमीची असो वा ४० सेमीची, करंट तोच ठेवला तर मधल्या भागाचं तापमान तेच राहतं. व्होल्टेज स्थिर ठेवलं तर मात्र असं होत नाही, कारण लांबी दुप्पट केली की करंट निम्मा होतो.

ही तार गजासारखी जाड असती तर आतलं तापमान वेगळं आणि बाहेरचं वेगळं, असा प्रश्न आला असता. इथे तो येत नाही. तारेचा गाभा आणि पृष्ठभाग यांच्यातला फरक `I²R'/(4πk)` एवढा असतो, `k` म्हणजे नायक्रोमची उष्णतावाहकता. आपल्या आकड्यांनी तो एका अंशाच्याही आत राहतो. म्हणून पूर्ण आडव्या छेदाला एकच तापमान धरलं तरी बिघडत नाही.

पहिली पायरी: आत किती उष्णता येते

नायक्रोमची रोधकता साधारण १.०९ × १०⁻⁶ ओहम-मीटर आहे. अर्ध्या मिमीच्या तारेचा छेद ०.१९६ चौरस मिमी, म्हणजे एका मीटरला ५.५५ ओहम. करंटचा वर्ग २५, त्यामुळे मीटरला सुमारे १३९ वॅट. आपल्या २० सेमीला २८ वॅट. व्होल्टेज फक्त साडेपाचच्या आसपास लागतं, त्यामुळे झटक्याची भीती नाही. चटक्याची आहे.

एक मीटर तारेचा पृष्ठभाग जेमतेम १५.७ चौरस सेमी भरतो. १३९ वॅटना त्याने भागलं तर चौरस मीटरला जवळजवळ ८८,४०० वॅट येतात. हा आकडा बाजूला लिहून ठेवा. पुढचं सगळं म्हणजे त्याला `h` ने भागणं.

दुसरी पायरी: हवा किती उचलते

`h` सरळ कुठल्या तक्त्यात सापडत नाही. झोताचा वेग, तारेचा व्यास आणि हवेचे गुणधर्म यांवरून तो काढावा लागतो. आडव्या झोतातल्या सिलिंडरसाठी हिल्पर्ट यांनी १९३३ मध्ये मोजमापांवरून बसवलेलं सूत्र आजही वापरतात. हवेशिवाय इतर द्रवांसाठीही चालावं म्हणून पुढे त्यात प्रांटल अंक घातला गेला:

```
Re = U·d/ν
Nu = 0.683 · Re^0.466 · Pr^(1/3)      (40 < Re < 4000)
h  = Nu·k/d
```

`U` म्हणजे झोताचा वेग, `ν` हवेची गतिक श्यानता आणि इथला `k` हवेची उष्णतावाहकता. प्रांटल अंक `Pr` म्हणजे ही श्यानता आणि हवेत उष्णता पसरण्याचा वेग यांचं गुणोत्तर. रेनॉल्ड्स अंक `Re` झोताचा जोर आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर सांगतो. नुसेल्ट अंक `Nu` सांगतो की हवा स्थिर असती आणि उष्णता नुसत्या वहनाने गेली असती, त्या मानाने अभिसरणाने ती किती पट जाते.

कंसातली मर्यादा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ०.६८३ आणि ०.४६६ हे आकडे फक्त ४० ते ४००० या पट्ट्यातले आहेत. ०.१ मिमीची तार ५ मीटर वेगाच्या झोतात ठेवली तर रेनॉल्ड्स अंक वीसच्या आसपास उतरतो. तिथे ०.९११ आणि ०.३८५ घ्यावे लागतात. चुकीच्या पट्ट्यातले आकडे घातले तरी उत्तर दिसायला साजरंच दिसतं, त्यामुळे ही चूक नंतर हाती लागत नाही.

आता हवेचे गुणधर्म कोणत्या तापमानाचे घ्यायचे? तारेला चिकटलेली हवा तारेइतकी गरम असते आणि दूरची २५ अंशांची. म्हणून दोन्हींची सरासरी घेतात. तिला फिल्म तापमान म्हणतात. पण तारेचं तापमान तर अजून ठाऊकच नाही! म्हणून आधी अंदाज करायचा आणि मग तो सुधारत जायचं.

मी २०० अंशांपासून सुरुवात करतो. फिल्म तापमान ११२.५ अंश, म्हणजे ३८६ केल्विन. तक्त्यात ३५० आणि ४०० केल्विनच्या मधली किंमत काढली की `ν` येतो २४.९ × १०⁻⁶, `k` येतो ०.०३२७ आणि प्रांटल अंक ०.६९. रेनॉल्ड्स अंक २०१, म्हणजे आपण पट्ट्यात आहोत. नुसेल्ट अंक ७.१६. `h` येतो सुमारे ४६९. आता ८८,४०० ला ४६९ ने भागा: १८८ अंश. हवेचे २५ मिळवले की तार २१३ अंशांवर.

अंदाज २०० होता, उत्तर २१३ आलं. पुन्हा करू. नवं फिल्म तापमान ११९ अंश. `ν` वाढून २५.६ झाला, रेनॉल्ड्स अंक घसरून १९५ वर आला, `k` वाढून ०.०३३२ झाला. आणि `h`? पुन्हा ४६९. उत्तर पुन्हा २१३.

हा योगायोग नाही. हवा तापली की ती जास्त चिकट होते, रेनॉल्ड्स अंक घसरतो आणि `h` कमी व्हायला बघतो. पण त्याच वेळी हवेची वाहकता वाढते आणि ती `h` ला वर ओढते. या सूत्रात दोन्ही ओढी जवळजवळ बरोबरीच्या आहेत, त्यामुळे `h` फिल्म तापमानाने फारसा हलत नाही. म्हणूनच पहिल्या अंदाजाची चिंता करू नका. १०० ने सुरुवात केलीत किंवा ४०० ने, तरी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तिथेच पोचाल.

हातानं दोनदा केल्यावर हे काम संगणकाला देऊन टाकावं. पायथनमध्ये इतकं पुरतं:

```python
from math import pi
I, d, U, Ta = 5.0, 0.5e-3, 10.0, 25.0
q = I**2 * 1.09e-6 / (pi*d**2/4)
Ts = 200.0
for n in range(5):
    Tf = (Ts + Ta)/2 + 273.15
    nu = 15.89e-6*(Tf/300)**1.75
    k = 0.0263*(Tf/300)**0.87
    Re = U*d/nu
    h = 0.683*Re**0.466*0.69**(1/3)*k/d
    Ts = Ta + q/(h*pi*d)
    print(n, round(Re), round(h), round(Ts))
```

हवेच्या गुणधर्मांची यातली घातांकी सूत्रं ३०० ते ४५० केल्विनपर्यंत तक्त्याला चांगली जुळतात. `Re` मुद्दाम छापायला ठेवला आहे, पट्टा सुटला तर लगेच दिसावा म्हणून.

या २१३ वर किती विश्वास ठेवायचा

मी चर्चिल आणि बर्नस्टाइन यांच्या १९७७ च्या सूत्रानेही हाच हिशेब केला. `h` ४७० आला. दोन सूत्रं इतकी जुळली की उत्तर एका अंशापर्यंत अचूक आहे असं वाटायला लागतं. तसं समजू नका. ही सूत्रं विखुरलेल्या मोजमापांच्या मधून काढलेल्या रेषा आहेत, आणि तुमच्या मांडणीतला खरा `h` त्यांच्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. त्या हिशेबाने तार १८० ते २६० अंशांच्या मध्ये कुठेही असेल. पंख्यातून येणारा झोत घुसळलेला असतो, आणि घुसळलेली हवा जास्त उष्णता उचलते. त्यामुळे साध्या ब्लोअरसमोरची तार बहुतेक वेळा हिशेबापेक्षा थोडी गारच सापडते.

तक्ते समुद्रसपाटीच्या दाबाचे असतात, हेही लक्षात ठेवा. पुण्यात हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. विरळ हवा कमी उष्णता उचलते, त्यामुळे तिथे आपली तार सुमारे सहा अंश जास्त तापेल. महाबळेश्वरला हाच फरक पंधरा अंशांच्या आसपास जातो.

खरी चूक कुठे होते

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. वरची सूत्रं एकत्र केली आणि `h` फिल्म तापमानाने हलत नाही असं धरलं, तर तारेचं हवेपेक्षा वाढलेलं तापमान असं बदलतं:

```
ΔT ∝ I² · d^(−2.466) · U^(−0.466)
```

घातांक नीट बघा. झोताच्या वेगात दहा टक्के चूक झाली तर तापमानवाढीत पाच टक्क्यांच्याही आत चूक होते. करंटमध्ये दहा टक्के चूक झाली तर एकवीस टक्के. आणि व्यास दहा टक्क्यांनी कमी निघाला तर तापमानवाढ तीस टक्क्यांनी जास्त!

मुलं मात्र नेमकं उलटं करतात. वेग मोजायला अर्धा तास लावतात आणि व्यास रिळावरच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतात. एका वर्षी आमच्याकडे अशीच एक बॅच अडकली होती. चिठ्ठीवर ०.५० मिमी छापलेलं होतं. तार हिशेबापेक्षा चाळीस-पंचेचाळीस अंश जास्त तापत होती. मुलांनी दोन दिवस सूत्रं बदलून पाहिली आणि झोताचा वेग तीनदा मोजला. शेवटी स्क्रू गेज लावला तर व्यास ०.४६ निघाला. सूत्रात ०.४६ घातल्यावर २५६ अंश आले आणि कोडं सुटलं. मला त्या दोन दिवसांची हळहळ वाटते, कारण हे पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं होतं. ज्या मीटरवर ते दिसत होतं तो समोरच होता.

तो मीटर म्हणजे व्होल्टमीटर. ०.५० मिमीच्या २० सेमी तारेवर ५ अँपिअरला ५.५ ते ५.७ व्होल्ट दिसायला हवेत. ०.४६ च्या तारेवर साडेसहाच्या वर जातात. म्हणून व्यासावरून रेझिस्टन्स काढण्याच्या भानगडीत पडूच नका. तारेच्या दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजा, करंटने गुणा, त्या दोन बिंदूंमधल्या अंतराने भागा. एक मीटर तारेमागचे वॅट थेट हातात येतात. असं केलं की व्यासाचा घातांक उणे २.४६६ वरून उणे ०.४६६ वर येतो, कारण व्यास आता फक्त पृष्ठभागात आणि `h` मध्ये उरतो. त्या बॅचने पहिल्या दिवशी हे केलं असतं तर चुकीचा ०.५० धरूनसुद्धा उत्तर नऊ अंशांच्या आत आलं असतं.

व्होल्टेज मोजायच्या वायरी करंटच्या क्लिपांवर अडकवू नका. तिथे क्लिप आणि तार यांच्यामधला संपर्काचा रेझिस्टन्सही मोजला जातो, आणि एक-दीड ओहमच्या तारेपुढे तो नगण्य नसतो. दोन्ही टोकांपासून दोन-दोन सेमी आत, केसासारख्या बारीक वेगळ्या वायरी जोडा. जाड वायर जोडलीत तर ती त्या जागची उष्णता ओढून घेते आणि तार तिथे गार पडते.

काय सोडलं आणि ते का चाललं

समतोलात आपण तीन गोष्टी लिहिल्या नाहीत. पहिली प्रारण. २१३ अंशांवर काळवंडलेली नायक्रोम चौरस मीटरला सुमारे २,२०० वॅट प्रारणाने टाकते. ८८,४०० पुढे ते अडीच टक्के. दुसरी, तापल्यामुळे वाढणारा रेझिस्टन्स. या तापमानाला नायक्रोमचा तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. एक चूक तापमान खाली ओढते, दुसरी वर, म्हणून इथे दोन्ही सोडल्या तरी चाललं. व्होल्टेज तापलेल्या तारेवर मोजलंत तर दुसरी चूक आपोआपच जाते.

तिसरी, टोकांकडून क्लिपांमध्ये वाहून जाणारी उष्णता. टोकाचा गारवा तारेत किती आत शिरतो त्याची लांबी `√(k·d/4h)` ने मिळते, इथे `k` तारेचा. आपल्या तारेत ती दोन मिमीहून थोडी कमी आहे. त्याच्या तिप्पट, म्हणजे सहा मिमी आत गेलं की गारवा संपला. २० सेमीत त्याची फिकीर नाही. झोताचा वेग मोजणाऱ्या हॉट वायर प्रोबमध्ये मात्र तार पाच मायक्रॉन व्यासाच्या टंगस्टनची आणि सव्वा मिमी लांबीची असते. टंगस्टन उष्णता झपाट्याने वाहून नेतं, त्यामुळे तिथे हीच लांबी ०.१८ मिमी येते आणि गारवा दोन्हीकडून मिळून तारेचा मोठा भाग व्यापतो. तिथे आपला हिशेब जसाच्या तसा चालत नाही.

प्रारण सोडून देता येतं ते फक्त झोत चालू असेपर्यंत. करंट ५ अँपिअर असताना ब्लोअर बंद पडला तर `h` साडेचारशेहून घसरून सत्तरच्या घरात येतो. तारेतली उष्णता तर तेवढीच येत राहते, त्यामुळे ती तापत तापत ६५० ते ७०० अंशांवर जाऊन लाल होते. तिथे जवळजवळ निम्मी उष्णता प्रारणाने जाते. तारेला नव्या तापमानाकडे जायला फार वेळ लागत नाही, झोतात तिचा कालांक जेमतेम एक सेकंद आहे. म्हणून ब्लोअर आधी चालू, करंट नंतर. बंद करताना करंट आधी, ब्लोअर नंतर. हा क्रम कागदावर लिहून पॉवर सप्लायवर चिकटवा. झोत चालू असताना अंधारात तार कुठेही लालसर दिसली तर तो भाग सव्वापाचशेच्या वर गेलेला आहे. बहुधा तिथे तार मुरडून किंवा ताणून बारीक झालेली असते, किंवा झोत तिथे पोचतच नसतो.

तार प्लॅटिनमची असेल तर

नायक्रोमच्या बाबतीत रेझिस्टन्सची वाढ सोडून दिली ती प्लॅटिनमला सोडता येत नाही. प्लॅटिनमचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. स्थिर करंटवर याचा अर्थ असा की तार तापली, रेझिस्टन्स वाढला, वॅट वाढले, तार आणखी तापली. रेझिस्टन्सची वाढ न धरता आलेल्या तापमानवाढीला `a` म्हटलं आणि रेझिस्टन्स दर अंशाला ज्या प्रमाणात वाढतो त्याला `α` म्हटलं, तर खरी तापमानवाढ अशी निघते:

```
ΔT = a / (1 − α·a)
```

नायक्रोमला `α` सुमारे ०.०००१, त्यामुळे १८८ चे १९२ होतात. प्लॅटिनमला `a` १०० असेल तर १६४ होतात. आणि `a` १८८ असेल तर ७०० च्या वर! `a` २५६ ला पोचला की छेद शून्य होतो, म्हणजे या सूत्रापुरता समतोलच उरत नाही. प्रत्यक्षात प्रारण वाढतं, रेझिस्टन्सची वाढही थोडी मंदावते, त्यामुळे आकडा अनंताला जात नाही. तार मात्र जाऊ शकते. प्लॅटिनम असेल तर सप्लाय स्थिर व्होल्टेजवर ठेवा. मग तार तापली की करंट घटतो, वॅटही घटतात, आणि तापमानवाढ १८८ च्या जागी १२६ अंशांवर शांतपणे स्थिरावते. बदल्यात एक मोठी सोय मिळते. प्लॅटिनमचा रेझिस्टन्स हाच तिचा थर्मामीटर होतो. १९१४ मध्ये किंग यांनी झोतातल्या तारांचा नियम बसवला तो प्लॅटिनमच्या तारा वापरूनच.

तापमान खरोखर किती आहे ते पाहायचं कसं

नायक्रोमला ती सोय नाही. २१३ अंशांना रेझिस्टन्स जेमतेम दोन टक्के वाढतो, आणि त्यावरून तापमान काढायला गेलं तर मीटरची चूकच आपलं उत्तर ठरवते. थर्मोकपल टेकवावं, तर त्याचा मणीच तारेपेक्षा जाड असतो. तो झोतात राहून उष्णता हवेला देत बसतो आणि तारेपेक्षा पुष्कळ कमी तापमान दाखवतो. थर्मल कॅमेऱ्याचा एक ठिपका बहुतेक वेळा अर्ध्या मिमीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे त्याला तार आणि तिच्यामागची भिंत एकत्रच दिसतात.

मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो तो उपाय म्हणजे तारेची लांबी मोजणं. नायक्रोम दर अंशाला लांबीच्या सुमारे दहा लाखांत १४ भाग वाढते. २०० मिमी तार १८८ अंशांनी तापली की ०.५३ मिमी वाढते. एक टोक घट्ट धरा, दुसरं टोक हलक्या स्प्रिंगने ताणून ठेवा, आणि त्या टोकाला डायल गेज टेकवा. ०.०१ मिमीच्या गेजवर काटा ५३ घरं सरकायला हवा. टोकांचा गारवा मोजला तर एखादं घर कमी. टोकं विजेपासून वेगळी ठेवायला सिरॅमिकचे मणी वापरा, आणि गेजचा खांब झोताच्या बाहेर ठेवा, नाहीतर खांबाचं हलणंही मोजलं जाईल.

स्प्रिंग तशीही लागतेच. दोन्ही टोकं घट्ट धरलीत तर हीच अर्ध्या मिमीची वाढ तारेला मध्यावर सहा-साडेसहा मिमीचा झोळ देते, आणि तोही नुसता खाली येत नाही. दहा मीटरच्या झोताचा तारेवरचा रेटा तिच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे तार झोताच्या दिशेने तिरकी फुगते.

समजा, काटा ५३ ऐवजी ४५ घरं सरकला. म्हणजे तापमानवाढ १६० अंशांच्या आसपास. व्होल्टेज, करंट आणि स्क्रू गेजचा व्यास तपासले आणि ते बरोबर निघाले, तर आता सूत्राशी भांडू नका. ८८,४०० ला १६० ने भागा. तुमच्या झोतातला, तुमच्या तारेवरचा `h` साडेपाचशेच्या घरात आहे. सूत्रातला ०.६८३ त्याच प्रमाणात वाढवून ०.८ करा, करंट ४ आणि ६ अँपिअर ठेवून काटा पुन्हा वाचा, आणि ४ ला २९ व ६ ला ६५ घरांच्या आसपास तो सरकतो का ते बघा.